नामंजूर मेडिकल क्लेमवर अपील: प्रत्येक बिल त्याच्या कलमासमोर कसं मांडायचं

कंपनीने मेडिकल क्लेम नाकारला किंवा त्यातली मोठी रक्कम कापली की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर तीच सगळी बिलं पुन्हा जोडून 'कृपया फेरविचार व्हावा' असा अर्ज देतात, नाहीतर आजारपणात किती हाल झाले याचं दोन पानी पत्र लिहितात. दोन्ही अर्ज जसे येतात तसे परत जातात, कारण अपील तपासणाऱ्या माणसासमोर एकच प्रश्न असतो: आधीच्या निर्णयात नेमकी कोणती वजावट पॉलिसीच्या कोणत्या कलमाशी जुळत नाही? ते त्याला अर्जात सापडलं नाही, तर तो स्वतः शोधत बसत नाही.

इथे एकच क्लेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतला आहे. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन, तीन दिवस रुग्णालयात मुक्काम. एकूण क्लेम ७०,३०० चा, मंजूर झाले ४८,८००, कापले गेले २१,५००. यातले आकडे आणि कलमांचे क्रमांक नमुन्यादाखल आहेत. तुमच्या पॉलिसीत ते वेगळे असतील, पण पद्धत हीच राहते.

१. पैसे कोण देतं आणि मुदत कधी संपते, हे आधी पाहा

मेडिकल क्लेम एचआरकडे दिला म्हणून तो एचआरने नाकारला असं नसतं. काही ठिकाणी कंपनी स्वतःच्या पैशातून खर्च परत करते, तिथे निर्णय कंपनीचा आणि अपीलही कंपनीकडेच. काही ठिकाणी कंपनीने गटविमा घेतलेला असतो आणि एचआर फक्त कागद पुढे पाठवतं, म्हणजे निर्णय विमा कंपनीचा असतो आणि अपील तिच्या तक्रार विभागाकडे जातं. नामंजुरीच्या पत्रावर सही कोणाची आहे आणि कोणत्या पॉलिसीचा उल्लेख आहे ते वाचा. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो पडून राहतो आणि मुदत मात्र चालू राहते. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे कंपनी स्वतः पैसे देते त्या क्लेमबद्दल आहे.

मग मुदत. अपिलाचे दिवस पत्राच्या तारखेपासून मोजायचे की पत्र हातात पडल्यापासून, आणि ते कामाचे दिवस की कॅलेंडरचे, हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर जी मोजणी सर्वांत आधी संपते ती धरून चाला.

> तपासा: नामंजुरी फक्त तोंडी किंवा पोर्टलवर 'रिजेक्टेड' एवढ्या एका शब्दात आली असेल, तर अपील लिहू नका. आधी ईमेल करून प्रत्येक वजावटीची रक्कम, कारण आणि आधारभूत कलम लेखी मागा. कारण माहीत नसताना लिहिलेलं अपील अंदाजाने लिहिलेलं असतं, आणि उत्तरात हमखास वेगळंच कारण पुढे येतं. मुदत संपत आली असेल तर 'कारणं मिळाल्यावर सविस्तर मुद्दे देऊ' असं नमूद करून एका परिच्छेदाचा अर्ज मुदतीत दाखल करा.

२. त्या तारखेची पॉलिसी मिळवा, आजची नाही

पॉलिसी दरवर्षी बदलू शकते. इंट्रानेटवर जी फाइल दिसते ती बहुधा ताजी असते. तुम्हाला लागते ती दाखल झाल्याच्या दिवशी लागू असलेली आवृत्ती. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर 'अमुक तारखेपासून लागू' अशी ओळ असते, ती पाहून घ्या. मधल्या काळात परिपत्रक निघालं असेल तर त्याचीही लागू तारीख बघा. दाखल झाल्यानंतर निघालेल्या परिपत्रकाचा आधार घेऊन वजावट केली असेल, तर तो अपिलातला स्वतंत्र मुद्दा होतो.

पॉलिसी हातात आल्यावर फक्त 'काय मिळतं' ही यादी वाचून थांबू नका. व्याख्या, मर्यादा, वगळलेले खर्च आणि क्लेम सादर करण्याची पद्धत हे चारही भाग वाचायचे. क्लेम नाकारणारा अधिकारी वगळलेल्या खर्चांच्या यादीवर बोट ठेवतो, पण त्याचं उत्तर पुष्कळदा व्याख्यांच्या पानावर असतं.

३. वजावट सुटी करा

२१,५०० हा एक आकडा घेऊन भांडता येत नाही. नामंजुरीचं पत्र, फायनल बिल आणि त्याचा तपशीलवार ब्रेकअप शेजारी ठेवून ती रक्कम ओळीओळीने फोडा. आपल्या क्लेममध्ये ती अशी फुटते:

- दाखल होण्याआधीची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी: ४,८००. कारण: 'ओपीडी खर्च देय नाही.'
- डिस्चार्जनंतरची औषधं, तीन बिलं: ३,४००. कारण: 'प्रिस्क्रिप्शन जोडलेलं नाही.'
- रूम रेंटची मर्यादा ओलांडल्यामुळे प्रमाणशीर कपात: १२,२००.
- फाइल चार्ज, सोबतच्या माणसाचं जेवण वगैरे: १,१००. कारण: 'वैद्यकीय खर्च नाही.'

बेरीज २१,५०० येते का ते पाहा. येत नसेल तर एखादी वजावट पत्रात कारणाशिवाय दडलेली आहे, किंवा अकाउंट्सने एखादं बिल धरलंच नाही. हा फरकसुद्धा अपिलात मांडण्यासारखा असतो, आणि तो निस्तरायला सर्वांत सोपा.

> इशारा: अॅडव्हान्स भरल्याची पावती आणि फायनल बिल या दोन्ही रकमा क्लेममध्ये धरल्या असतील, तर तीच रक्कम दोनदा मागितली गेली आहे. अपील करण्याआधी आपली बेरीज सुधारा. अशी एक चूक तपासणाऱ्याच्या नजरेला पडली की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांकडेही तो संशयाने बघतो.

४. प्रत्येक ओळीला कलम आणि कागद जुळवा

अपिलाचं निम्म्याहून जास्त काम इथे होतं. प्रत्येक वजावटीसाठी तीन गोष्टी लागतात: त्यांनी दिलेलं कारण, त्याला लागू पडणारं कलम, आणि त्या कलमातली अट पूर्ण झाल्याचा कागद. तिन्हींपैकी एक जरी नसली तर तो मुद्दा पोकळ राहतो.

*सोनोग्राफी, ४,८००.* तपासणी ४ तारखेला झाली, दाखल १५ तारखेला. पॉलिसीचं कलम ५.१ असं: 'रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांत त्याच आजारासाठी केलेल्या तपासण्यांचा खर्च देय राहील, परंतु दाखल होण्याचा मूळ क्लेम देय असला पाहिजे.' यात तीन अटी आहेत आणि तिन्हींना वेगवेगळा कागद लागतो. ३० दिवसांची अट बिलावरची तारीख आणि डिस्चार्ज समरीवरची दाखल तारीख पूर्ण करतात, अंतर ११ दिवसांचं. मूळ क्लेम देय असल्याचा पुरावा म्हणजे खुद्द त्यांचंच मंजुरीचं पत्र, त्यात ४८,८०० दिले आहेत. अडतं ते 'त्याच आजारासाठी' या शब्दांपाशी. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'पोटदुखी' लिहिलेलं असतं आणि डिस्चार्ज समरीवर 'पित्ताशयातील खडे'. वैद्यकीयदृष्ट्या यात विसंगती काहीच नाही, पण अकाउंट्समधल्या माणसाला ते दोन वेगळे आजार वाटू शकतात. डिस्चार्ज समरीत '४ तारखेच्या सोनोग्राफीत खडे आढळले' अशी ओळ असेल तर तिच्याखाली रेघ मारा. नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र घ्या: तपासणीची तारीख, तिचा निष्कर्ष, आणि त्यावरूनच ऑपरेशन ठरलं हे. सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असू द्या.

*औषधं, ३,४००.* बिलं तीन: १,४५०, १,२०० आणि ७५०. कारण प्रिस्क्रिप्शन नसल्याचं. कलम ५.२ मात्र 'उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी सुचवलेली औषधं' एवढंच म्हणतं, वेगळी चिठ्ठी मागत नाही. डिस्चार्ज समरीच्या शेवटी घरी घ्यायच्या औषधांची यादी असते, त्यावर डॉक्टरांची सहीही असते. म्हणजे लेखी सूचना क्लेमसोबत आधीच गेलेली आहे, फक्त ती वाचली गेली नाही. आता बिलावरचं प्रत्येक औषध त्या यादीशी ताडून पाहा. दुकानदाराने त्याच घटकाचं दुसऱ्या कंपनीचं औषध दिलं असेल तर नाव जुळणार नाही, तिथे बाजूला घटकाचं नाव लिहा. या ताडणीत ७५० चं तिसरं बिल अडकतं: त्यात प्रोटीन पावडर आहे आणि ती यादीत कुठेच नाही. ते बिल सोडून द्या. मागणी २,६५० ची.

*रूम रेंटची कपात, १२,२००.* इथे सर्वांत जास्त पैसे अडकतात, आणि सर्वांत कमी लोक हिशेब तपासतात. कलम ४.२ नुसार रूमची मर्यादा दिवसाला ४,०००, घेतलेली रूम ५,००० ची. ५,००० पैकी ४,००० म्हणजे ८० टक्के, म्हणून २० टक्के कपात. इथवर कंपनीचं बरोबर आहे. प्रश्न असा की २० टक्के कशावर?

फायनल बिल असं आहे: रूम तीन दिवसांचे १५,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटी मिळून २८,०००, औषधं आणि सर्जिकल साहित्य १२,०००, रुग्णालयातल्या तपासण्या ६,०००. एकूण ६१,०००, शिवाय ते वैद्यकीय नसलेले १,१००. अकाउंट्सने सरसकट ६१,००० वर २० टक्के लावले आणि १२,२०० कापले. पण कलम ४.२ च्या दुसऱ्या वाक्यात लिहिलं आहे की प्रमाणशीर कपात 'रूम, डॉक्टर व शस्त्रक्रियागृह शुल्कावर' होईल, 'औषधे, साहित्य व तपासण्या यांना ती लागू होणार नाही'. या वेगळेपणामागे कारण आहे. महागड्या रूमप्रमाणे डॉक्टरांची फी आणि ओटीचे दर बदलतात, औषधाच्या बाटलीवरची छापील किंमत बदलत नाही.

बरोबर हिशेब: १५,००० अधिक २८,००० म्हणजे ४३,०००, त्याचे २० टक्के ८,६००. जादा कापले ३,६००. तेवढेच मागायचे. पूर्ण १२,२०० मागितले तर मर्यादेचं कलमच आपल्याला मान्य नाही असा अर्थ होतो, आणि मग ३,६०० चा खरा मुद्दाही त्याच झटक्यात फेटाळला जातो.

> तपासा: तुमच्या पॉलिसीत हे दुसरं वाक्य नसेल, 'सर्व संबंधित खर्चावर' असं काही असेल, तर 'संबंधित खर्च' याची व्याख्या शोधा. व्याख्येतही औषधं धरली असतील तर हा मुद्दा सोडा.

*फाइल चार्ज आणि जेवण, १,१००.* वगळलेल्या खर्चांच्या यादीत स्पष्ट आहे. मागायचं नाही.

आता बेरीज पाहा. मागणी ४,८०० + २,६५० + ३,६०० = ११,०५०. मान्य केलेली वजावट ८,६०० + १,१०० + ७५० = १०,४५०. दोन्ही मिळून पुन्हा २१,५००. ही जुळणी अर्जातही दाखवा. स्वतःहून १०,४५० सोडणारा माणूस उरलेले ११,०५० नीट हिशेब करून मागतो आहे, हे तपासणाऱ्याला सांगावं लागत नाही.

५. कागदांची डागडुजी

अपिलाआधी बिलं एकदा तिऱ्हाइताच्या नजरेने पाहा. बिलावर रुग्णाचं नाव, तारीख, बिल क्रमांक आणि बाबनिहाय तपशील हवा. कार्ड स्वाइप केल्याची स्लिप म्हणजे बिल नव्हे, एस्टिमेट म्हणजेही बिल नव्हे. फक्त 'एकूण रक्कम मिळाली' एवढं म्हणणारी पावती पैसे भरल्याचा पुरावा आहे, पण पैसे कशाचे ते ती सांगत नाही. पावती आणि बिल दोन्ही जोडायचे.

नावाचं स्पेलिंग चुकलं, तारीख चुकली, तर बिल पुन्हा रुग्णालयातून किंवा दुकानातून दुरुस्त करून घ्या. दुरुस्तीजवळ त्यांची सही आणि शिक्का हवा, किंवा सरळ नवीन डुप्लिकेट प्रत.

> इशारा: बिलावर स्वतःच्या हाताने काहीही सुधारू नका, अगदी उघड चूक असली तरी. खाडाखोड केलेलं बिल म्हणजे खोटं बिल असा अर्थ निघू शकतो, आणि मग गोष्ट क्लेमवर थांबत नाही, शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत जाते. रेघा मारायच्या, बाजूला लिहायचं, ते सगळं झेरॉक्सवर.

६. अर्ज लिहा

अर्ज एका पानात बसावा, फार तर दीड. कागद मागे जोडपत्रं म्हणून येतात, त्यांना क्रमांक द्या आणि तोच क्रमांक अर्जातल्या मुद्द्यात टाका. कलम उद्धृत करताना पूर्ण वाक्य घ्या. 'परंतु' किंवा 'मात्र' च्या आधीचा अर्धा तुकडा देऊन अट गाळली, तर समोरचा ती अट हमखास काढून दाखवतो. आपण ती आधीच लिहून पूर्ण केल्याचा कागद जोडला की त्याला काही उरत नाही.

अर्जाचा गाभा असा:

> विषय: क्लेम क्रमांक … मधील अंशतः नामंजुरीविरुद्ध अपील
>
> महोदय,
> वरील क्लेममध्ये ७०,३०० पैकी ४८,८०० मंजूर झाले. दिनांक … च्या पत्राने केलेल्या २१,५०० च्या वजावटीपैकी १०,४५० मला मान्य आहेत. उर्वरित ११,०५० बाबत हे अपील आहे.
>
> मुद्दा १: दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्या, ४,८००. दिलेले कारण: ओपीडी खर्च. कलम ५.१ नुसार (पूर्ण मजकूर: '…') ३० दिवसांतील त्याच आजाराच्या तपासण्या देय आहेत. तपासणी ४ तारखेस, दाखल १५ तारखेस (जोडपत्र १, २). आजार तोच असल्याबद्दल डॉक्टरांचे पत्र (जोडपत्र ३).
>
> मुद्दा २: डिस्चार्जनंतरची औषधे, २,६५०. दिलेले कारण: प्रिस्क्रिप्शन नाही. कलम ५.२ नुसार लेखी सूचना आवश्यक आहे. ती डिस्चार्ज समरीच्या पान … वर आहे (जोडपत्र २). औषधांची ताडणी जोडपत्र ४ मध्ये.
>
> मुद्दा ३: प्रमाणशीर कपातीतील जादा रक्कम, ३,६००. कलम ४.२ नुसार कपात रूम, डॉक्टर व शस्त्रक्रियागृह शुल्कावर, म्हणजे ४३,००० वर लागू होते. देय कपात ८,६००, प्रत्यक्ष कपात १२,२००. बाबनिहाय हिशेब जोडपत्र ५ मध्ये.
>
> वरील ११,०५० मंजूर करावेत. एखादा मुद्दा अमान्य असल्यास त्या मुद्द्याचे कारण व कलम लेखी कळवावे, ही विनंती.

शेवटची ओळ गाळू नका. ती असली की मोघम उत्तर देणं अवघड होतं, आणि पुढच्या पायरीवर जायचं झालं तर कुठे मतभेद उरला ते कागदावर येतं.

'माझ्या सहकाऱ्याला असाच क्लेम मिळाला' हे वाक्य अर्जात नको. त्याची कागदपत्रं तुमच्याकडे नसतात, आणि क्वचित त्यालाच चुकून जास्त मिळालेले असतात.

७. दाखल करणं

अपील जुन्या क्लेम क्रमांकावरच करायचं. पोर्टलवर 'नवीन क्लेम' उघडून तीच बिलं चढवली तर ती 'डुप्लिकेट' म्हणून अडवली जातात आणि तुमच्या नावावर दुबार क्लेमची नोंद राहते. पोर्टलवर अपिलाची सोय नसेल तर पॉलिसीत ज्या पदाचा उल्लेख आहे त्या अधिकाऱ्याच्या नावे ईमेल आणि कागदी प्रत, दोन्ही द्या. कागदी प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मूळ बिलं मागितली तर देताना त्यांची यादी करून त्या यादीवर सही घ्या, आणि सगळ्याचं स्कॅन आपल्याकडे ठेवा.

८. उत्तर आल्यावर

उत्तराची तुमच्या तीन मुद्द्यांशी ओळीओळीने तुलना करा. एखाद्या मुद्द्यावर उत्तरच नसेल तर त्याच दिवशी ईमेलने विचारा: 'मुद्दा ३ वर निर्णय कळवलेला नाही.'

कधी कधी जुनं कारण गुपचूप बाजूला पडतं आणि नवं येतं, जसं 'क्लेम उशिरा सादर केला'. यावर भडकून लिहू नका. तीन गोष्टी नोंदवा: हे कारण पहिल्या पत्रात नव्हतं, क्लेमचा मोठा भाग याच अर्जावर मंजूर झाला आहे, आणि सादर केल्याची तारीख अमुक (पोर्टलचा स्क्रीनशॉट किंवा पोच). उशीर खरोखर झाला असेल तर पॉलिसीत उशीर माफ करण्याचं कलम आहे का ते पाहून त्याखाली वेगळा अर्ज द्या, रुग्णालयातल्या तारखा जोडून.

काही रक्कम मंजूर झाली आणि ती देताना 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' अशा पावतीवर सही मागितली, तर सहीच्या वर 'मुद्दा … वरील हक्क राखून' असं लिहा. तसं लिहू देत नसतील तर त्याच दिवशी ईमेलने कळवा की रक्कम अंशतः म्हणून स्वीकारली आहे. पगारासोबत पैसे आले असतील तर पे-स्लिपमध्ये ते कोणत्या शीर्षाखाली आले तेही पाहा. 'इतर भत्ता' म्हणून आले तर त्यावर कर कापला गेलेला असू शकतो, आणि तो दुरुस्त करून घ्यायचं काम अपील विभागाचं नाही, पेरोलचं.